चरबी मोजणारे यंत्र प्रत्यक्षात मोजते पाणी
पेसमेकर, अंगावरील सूज आणि गर्भावस्था यांत बायोइम्पेडन्स चाचणी का टाळावी?

व्यायामशाळा, औषधाची दुकाने आणि आरोग्य शिबिरे यांत अलीकडे एक यंत्र सर्रास दिसते. अनवाणी पायांनी त्याच्या धातूच्या पट्ट्यांवर उभे राहिले, की काही क्षणांत वजनासोबत शरीरातील चरबी, स्नायू आणि पाणी यांचे आकडे छापून हाती येतात. ही बायोइम्पेडन्स चाचणी निरोगी प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या शरीररचनेचा ढोबळ अंदाज देऊ शकते. मात्र काही व्यक्तींच्या बाबतीत हे आकडे दिशाभूल करणारे ठरतात, तर काहींनी या यंत्रावर उभे राहणेच योग्य नसते.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत प्रश्न सुरक्षिततेचा असतो. पायांवर सूज असलेल्या रुग्णाच्या बाबतीत यंत्रापासून इजा होण्याची भीती नसते, परंतु त्याने दिलेला आकडा खोटा असतो. गर्भवतीच्या बाबतीत आकडा विश्वासार्ह नसतो आणि सुरक्षिततेची पुरेशी तपासणीही झालेली नसते. हे समजून घेण्यासाठी यंत्र नेमके काय मोजते, हे आधी पाहणे आवश्यक आहे.

रोधावरून पाणी, पाण्यावरून चरबी

या यंत्रातून शरीरात अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडला जातो. तो एक मिलिअँपिअरपेक्षा कमी असतो आणि बहुतेक साध्या यंत्रांत त्याची वारंवारता ५० किलोहर्ट्झ असते. इतक्या सौम्य प्रवाहाची जाणीवही होत नाही. शरीरातील पाण्यात क्षार विरघळलेले असल्यामुळे हा प्रवाह पाण्यातून सहज वाहतो. चरबीत पाणी फारच कमी असल्याने तिथे त्याला मोठा विरोध होतो. या विरोधाला विद्युतरोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजला जातो. यंत्र प्रत्यक्ष मोजते ते एवढेच.

पुढचे सारे गणित असते. उंचीच्या वर्गाला रोधाने भागले, की शरीरातील एकूण पाण्याशी निगडित असा आकडा मिळतो. त्यात वजन मिळवून सूत्राच्या साहाय्याने पाण्याचे लिटर काढले जातात. त्यानंतर एक महत्त्वाचे गृहीतक येते. चरबी वगळता शरीराचा जो भाग उरतो, म्हणजे स्नायू, अवयव, रक्त, हाडे इत्यादी, त्याला चरबीरहित वजन म्हणतात. या चरबीरहित वजनात ७३ टक्के पाणी असते, असे मानले जाते. पेस आणि रॅथबन या संशोधकांनी गिनीपिग व इतर सस्तन प्राण्यांच्या अभ्यासावरून १९४५ मध्ये हे प्रमाण मांडले आणि निरोगी प्रौढ माणसालाही ते बऱ्यापैकी लागू पडते. म्हणून पाण्याच्या आकड्याला ०.७३ ने भागून चरबीरहित वजन काढले जाते आणि एकूण वजनातून ते वजा करून जे उरते, त्याला यंत्र चरबी म्हणते.

थोडक्यात, चरबीचा आकडा हा वजाबाकीतून उरलेला आकडा आहे. पाण्याच्या मोजमापात किंवा ७३ टक्क्यांच्या गृहीतकात जी चूक होईल, ती सगळी अखेर चरबीच्या खात्यात जमा होते. युरोपातील वैद्यकीय पोषण क्षेत्रातील ‘एस्पेन’ या संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हीच अट घातली होती. शरीरातील पाणी व क्षार यांचा समतोल फारसा बिघडलेला नसेल आणि बॉडी मास इंडेक्स १६ ते ३४ या मर्यादेत असेल, तरच योग्य सूत्र वापरून केलेली ही चाचणी ग्राह्य धरावी, असे त्यात म्हटले होते.

सूज असताना आकडा का फसतो?

मूत्रपिंडाचे विकार, हृदयाची कार्यक्षमता कमी होणे, यकृताचा सिरोसिस किंवा रक्तातील प्रथिनांची कमतरता यांमुळे शरीरात जादा पाणी साठते. हे पाणी प्रामुख्याने पेशींच्या बाहेर, त्वचेखालील ऊतींत जमा होते. पायाच्या घोट्यावर किंवा नडगीवर अंगठ्याने काही सेकंद दाबले असता तिथे खळगा पडतो आणि तो हळूहळू भरून येतो, ही त्याची ओळखीची खूण आहे.

साठलेले हे द्रव जवळजवळ केवळ पाणी आणि क्षार यांचेच बनलेले असते. त्यात ७३ टक्के नव्हे, तर जवळपास शंभर टक्के पाणी असते. यंत्राला हा फरक कळत नाही. त्याला एक लिटर जादा पाणी आढळले, की ०.७३ ने भागून ते त्याचे १.३७ किलो चरबीरहित वजन करते. प्रत्यक्षात वजन मात्र एकच किलो वाढलेले असते. ही ०.३७ किलोची तफावत भरून काढण्यासाठी यंत्र तेवढी चरबी कमी दाखवते. अशा प्रकारे सूज जितकी जास्त, तितके स्नायू अधिक आणि चरबी कमी, असे उलटे चित्र कागदावर उमटते. आजारी माणूस अधिक तंदुरुस्त दिसू लागतो.

एका डायलिसिसचा हिशेब

ही चूक किती मोठी असू शकते, हे डायलिसिसच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरात दोन डायलिसिसच्या दरम्यान काही लिटर पाणी साठते आणि सुमारे चार तासांच्या उपचारात ते काढले जाते. समजा, अशा एका पुरुष रुग्णाची उंची १६५ सेंटिमीटर आहे. डायलिसिसपूर्वी त्याचे वजन ६३ किलो आहे आणि रोध ४८० ओहम आहे. उपचारात तीन लिटर पाणी काढल्यानंतर वजन ६० किलो होते. पाणी कमी झाल्यामुळे रोध वाढून ५६० ओहम होतो.

कुशनर आणि शोलर या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये पुरुषांसाठी मांडलेले सूत्र येथे वापरता येईल. उंचीचा सेंटिमीटरमधील आकडा, ओहममधील रोध आणि किलोमधील वजन घेतले असता ते असे आहे:

एकूण पाणी (लिटर) = ०.३९६ × (उंची² ÷ रोध) + ०.१४३ × वजन + ८.३९९

डायलिसिसपूर्वीचे आकडे घातले असता पाणी ३९.९ लिटर येते. त्याला ०.७३ ने भागल्यावर चरबीरहित वजन ५४.६ किलो आणि उरलेली चरबी ८.४ किलो, म्हणजे १३.३ टक्के ठरते. डायलिसिसनंतरच्या आकड्यांवरून पाणी ३६.२ लिटर, चरबीरहित वजन ४९.६ किलो आणि चरबी १०.४ किलो, म्हणजे १७.३ टक्के येते.

यंत्राच्या म्हणण्यानुसार, खाटेवर पडून राहिलेल्या या रुग्णाने चार तासांत पाच किलो चरबीरहित वजन गमावले आणि दोन किलो चरबी मिळवली. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी ऊर्जा असते. दोन किलो चरबी साठण्यासाठी १५ हजारांहून अधिक कॅलरी शरीराच्या गरजेपेक्षा जास्त घ्याव्या लागल्या असत्या. वास्तवात या चार तासांत चरबीत कोणताही बदल झालेला नाही. गेले ते केवळ पाणी.

या उदाहरणातील दोन्ही आकड्यांपैकी डायलिसिसनंतरचा आकडा सत्याच्या अधिक जवळ असतो, पण तोही नेमका नसतो. उपचारानंतर लगेच शरीरातील पाण्याची फेरवाटणी सुरू असते. म्हणून रुग्णालयांत ही चाचणी उपचारानंतर सुमारे अर्धा तास थांबून आणि दर वेळी त्याच स्थितीत घेतली जाते. फिस्टुला असलेल्या हातावर पट्ट्या लावल्या जात नाहीत.

स्नायू झिजतात, कागदावर वाढतात

एका दिवसातील अशी चूक सहज लक्षात येते, कारण ती अशक्य कोटीतील असते. खरा धोका संथ बदलांत आहे. दीर्घ आजारात भूक मंदावते, हालचाल कमी होते आणि स्नायू झिजू लागतात. त्याच काळात सूज वाढत असेल, तर वजनाचा काटा स्थिर राहतो.

एखाद्या रुग्णाचे सहा महिन्यांत तीन किलो स्नायू झिजले आणि तेवढ्याच काळात तीन लिटर पाणी साठले, असे मानू. वजन तेच राहिले. झिजलेल्या स्नायूंसोबत सुमारे २.२ लिटर पाणी गेले आणि सुजेच्या रूपाने तीन लिटर आले. शरीरातील एकूण पाणी ०.८ लिटरने वाढले. यंत्र या ०.८ लिटरचे १.१ किलो चरबीरहित वजन करील आणि तेवढीच चरबी घटल्याचे दाखवील. तीन किलो स्नायू गमावलेल्या रुग्णाच्या हाती प्रकृती सुधारल्याचा कागद येईल. आहार वाढवण्याची आणि उपचार बदलण्याची वेळ नेमकी तेव्हाच निघून जाऊ शकते.

अशा रुग्णांत केवळ दुसरे यंत्र वापरून हा प्रश्न सुटतोच असे नाही. शरीररचना मोजण्याची अधिक अचूक पद्धत मानली जाणारी डेक्सा तपासणीही साठलेले पाणी चरबीरहित वजनातच धरते. म्हणून वैद्यकीय व्यवहारात मुठीची पकड किती किलोची आहे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता किती वेळा उठता येते, दंडाचा घेर किती आहे आणि प्रत्यक्ष आहार किती जातो, अशा साध्या गोष्टींचा आधार घेतला जातो. पकडीची ताकद पाण्याने वाढत नाही.

पोटातील पाणी यंत्राला दिसत नाही

सुजेची जागाही महत्त्वाची असते. प्रवाहाच्या मार्गातील लांब आणि अरुंद भाग सर्वाधिक रोध निर्माण करतात, तर आखूड आणि रुंद भाग फारच थोडा. हात आणि पाय लांबट व निमुळते असतात, धड मात्र रुंद असते. त्यामुळे शरीराच्या वजनातील जवळपास निम्मा वाटा धडाचा असूनही एकूण रोधात त्याचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असतो.

परिणामी पायांत साठलेले एक-दोन लिटर पाणी आकडे पार बदलून टाकते. याउलट, सिरोसिसमध्ये पोटात जलोदराच्या रूपाने कित्येक लिटर पाणी साठले, तरी रोधात किरकोळच फरक पडतो. वजन मात्र वाढलेले असते. हे वाढलेले वजन पाण्याच्या खात्यात पुरेसे न गेल्याने यंत्र त्यातील मोठा भाग चरबी म्हणून दाखवते. म्हणजे पायांवरील सुजेत चरबी कमी दिसते, तर जलोदरात ती जास्त दिसू शकते. ज्या रुग्णाला दोन्ही आहे, त्याच्या बाबतीत चूक कोणत्या दिशेने झाली, हे सांगणेही कठीण होते.

केवळ पायांच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या घरगुती काट्यांत प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो. अशा काट्यावर एकाच पायाची सूजही निर्णायक ठरते. हत्तीरोगामुळे एक पाय कायमचा सुजलेल्या व्यक्तींची संख्या बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेश तसेच विदर्भातील काही जिल्ह्यांत लक्षणीय आहे. त्यांच्यासाठी या काट्यावरील चरबीची टक्केवारी निरर्थक आहे.

हेच तंत्र पाणी शोधण्यासाठी

जी गोष्ट चरबी मोजताना अडचण ठरते, तीच अन्यत्र उपयोगी पडते. कमी वारंवारतेचा प्रवाह पेशींच्या आवरणातून आत जाऊ शकत नाही आणि पेशींबाहेरील पाण्यातूनच वाहतो. जास्त वारंवारतेचा प्रवाह पेशींच्या आतूनही जातो. अनेक वारंवारतांवर रोध मोजला, तर पेशींबाहेर किती पाणी आहे, याचा वेगळा अंदाज बांधता येतो. डायलिसिस केंद्रांतील काही यंत्रे ५ ते १,००० किलोहर्ट्झ या टप्प्यात अशी मोजणी करतात आणि रुग्णाच्या अंगात किती जादा पाणी आहे, हे सांगतात. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी सूज लवकर ओळखण्यासाठीही दोन्ही हातांच्या रोधाची तुलना केली जाते.

तथापि, हा उपयोगही मर्यादेत राहूनच करावा लागतो. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१७ मध्ये डायलिसिस रुग्णांसाठीच्या अशा यंत्रांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचा सरसकट वापर करण्याची शिफारस करण्याइतका पुरावा उपलब्ध नसल्याचा निष्कर्ष काढला होता.

या तत्त्वाचा सामान्य वाचकालाही एक उपयोग आहे. अनेक वारंवारतांवर चालणाऱ्या यंत्रांच्या छापील अहवालात पेशींबाहेरील पाणी आणि एकूण पाणी यांचे गुणोत्तर दिलेले असते. निरोगी प्रौढांत ते साधारणपणे ०.३८ च्या आसपास असते. हा आकडा ०.३९ च्या वर जाऊन ०.४० ओलांडत असेल, तर त्याच कागदावरील स्नायू आणि चरबी यांच्या आकड्यांवर विसंबू नये आणि सुजेचे कारण डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

गर्भावस्थेत बदलते ते मूळ गृहीतकच

गर्भावस्थेत स्त्रीच्या शरीरातील पाणी साधारणतः सहा ते आठ लिटरने वाढते. रक्तातील द्रवभाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. त्यात गर्भ, वार आणि गर्भजल यांची भर पडते. हा आजार नव्हे, तर शरीराने केलेली स्वाभाविक तयारी असते. परंतु यामुळे चरबीरहित वजनातील पाण्याचे प्रमाण ७३ टक्क्यांवर राहत नाही. नवव्या महिन्याच्या सुमारास ते ७५ ते ७६ टक्क्यांपर्यंत पोहोचते.

दोन-अडीच टक्क्यांचा हा फरक किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. एखाद्या गर्भवतीच्या शरीरात ३६ लिटर पाणी आहे आणि यंत्राने ते अचूक मोजले आहे, असे मानले, तरी ०.७३ ने भागल्यावर चरबीरहित वजन ४९.३ किलो येते, तर ०.७५५ ने भागल्यावर ४७.७ किलो. केवळ गृहीतक बदलल्यामुळे चरबीच्या आकड्यात १.६ किलोचा फरक पडतो. शिवाय यंत्राला आई आणि बाळ वेगळे ओळखता येत नाहीत. बाळाचे वजन, गर्भजल आणि वाढलेले गर्भाशय हे सर्व आईच्याच शरीररचनेत मोजले जाते. पोटाचा आकार बदलल्याने सूत्रांमागील शरीराच्या आकृतीची कल्पनाही लागू राहत नाही.

म्हणूनच गर्भवतींनी चाचणी करू नये, असे यंत्रांचे उत्पादक माहितीपत्रकात नमूद करतात. या सौम्य प्रवाहाने बाळाला इजा झाल्याचे सिद्ध झाले आहे, असा याचा अर्थ नाही. चाचणीपासून काही लाभ नाही, आकडा निरुपयोगी आहे आणि घरगुती वापरासाठी सुरक्षिततेची स्वतंत्र खातरजमा केलेली नाही, अशा स्थितीत ती टाळणेच शहाणपणाचे ठरते. गर्भ राहिल्याचे माहीत नसताना कोणी या काट्यावर उभे राहिले असेल, तर तेवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

अधिक मोठा धोका आकडा वाचल्यानंतर सुरू होतो. चरबी वाढल्याचे पाहून गर्भवती आहार कमी करू लागली, तर नुकसान बाळाचे होते. या काळात चरबीच्या टक्केवारीपेक्षा वजनवाढ हेच योग्य माप आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार, आधीचे वजन योग्य असलेल्या स्त्रीचे वजन संपूर्ण गर्भावस्थेत ११.५ ते १६ किलोने वाढणे अपेक्षित असते. भारतात शासकीय आरोग्य सेवेत दिल्या जाणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक तपासणीच्या वेळी वजन आणि रक्तदाब यांची नोंद होते, ती याचसाठी. चेहरा आणि हात अचानक सुजणे, काही दिवसांत वजन झपाट्याने वाढणे, डोके दुखणे किंवा नजर अंधुक होणे ही रक्तदाबाच्या गंभीर विकाराची लक्षणे असू शकतात आणि त्यासाठी त्वरित डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे.

प्रसूतीनंतर जादा पाणी एकदम न जाता काही आठवड्यांत हळूहळू कमी होते. त्यामुळे बाळंतपणानंतर लगेच घेतलेला आकडाही पुढील तुलनेसाठी आधार म्हणून धरता येत नाही.

पेसमेकर: प्रश्न आकड्याचा नव्हे, सुरक्षिततेचा

पेसमेकर हृदयाचे विद्युत संकेत सतत ऐकत असतो. हृदयाचा स्वतःचा ठोका पडला, तर तो गप्प राहतो आणि ठोका चुकला, तर सौम्य विद्युत स्पंद देऊन तो पाडतो. हृदयाचे हे संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचे असतात. धोकादायक गतीने धडधडणाऱ्या हृदयाला झटका देऊन पूर्ववत करणारे डिफिब्रिलेटर त्याहूनही सूक्ष्म संकेत टिपते.

बाहेरून आलेला विद्युतप्रवाह या उपकरणाला हृदयाचा संकेत वाटला, तर दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. हृदय नीट चालले आहे, असे समजून पेसमेकर थांबू शकतो. पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून असलेल्या रुग्णाला अशा वेळी भोवळ येऊ शकते. दुसरीकडे, हृदयाची गती धोकादायकरीत्या वाढली आहे, असा समज होऊन डिफिब्रिलेटर विनाकारण झटका देऊ शकते. काही पेसमेकर श्वासाच्या गतीनुसार ठोके कमी-जास्त करतात आणि त्यासाठी छातीतील विद्युतरोध स्वतःच मोजत असतात. अशा काही पेसमेकरवर रुग्णालयातील हृदयगती दर्शविणाऱ्या मॉनिटरसारख्या उपकरणांचा परिणाम होऊन ते कमाल गतीने ठोके देऊ लागल्याचे प्रकार घडले होते आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये त्याबाबत इशारा दिला होता.

बायोइम्पेडन्स चाचणीत हा धोका प्रत्यक्षात किती आहे? आधुनिक उपकरणांत बाह्य संकेत गाळण्याची सोय असते आणि ५० किलोहर्ट्झची वारंवारता हृदयाच्या संकेतांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी उपकरणे बसवलेल्या २०० रुग्णांची चाचणी देखरेखीखाली घेण्यात आली, तेव्हा कोणताही अडथळा आढळला नाही. मात्र अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये वेगळी बाजू मांडली. संगणकीय प्रतिरूपे आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांच्या आधारे त्यांनी स्मार्ट काटे, घड्याळे आणि अंगठ्या तपासल्या. काही परिस्थितींत हृदयातील उपकरणाच्या कामात व्यत्यय येण्याइतका संकेत निर्माण होऊ शकतो, असे त्यांना आढळले. रुग्णांना प्रत्यक्ष किती धोका आहे, हे ठरवण्यासाठी पुढील अभ्यास लागेल, असेही त्यांनी स्पष्ट केले.

या दोन निष्कर्षांत वाटतो तेवढा विरोध नाही. पहिल्या अभ्यासात विशिष्ट वैद्यकीय यंत्र होते आणि रुग्णांवर लक्ष ठेवले जात होते. बाजारात मात्र असंख्य प्रकारची यंत्रे आहेत आणि प्रत्येकाचा प्रवाह, वारंवारता व मार्ग वेगळा आहे. दोन्ही हातांनी धरायच्या यंत्रात प्रवाह थेट छातीतून जातो, तर पायांच्या काट्यात तो मुख्यतः पाय आणि कंबर यांतून जातो. घरी किंवा शिबिरात हृदयावर लक्ष ठेवणारे कोणी नसते. म्हणून उत्पादकांची सूचना आजही स्पष्ट आहे: शरीरात पेसमेकर, डिफिब्रिलेटर किंवा तत्सम विद्युत उपकरण असेल, तर ही चाचणी करू नये. पोषणोपचारासाठी ती खरोखरच आवश्यक असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने आणि रुग्णालयातील देखरेखीखालीच करावी.

येथे एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. अनेक स्मार्ट काट्यांत केवळ वजन दाखवण्याची आणि शरीरात प्रवाह न सोडण्याची सोय असते. घरात पेसमेकर असलेली व्यक्ती असल्यास ती सोय सुरू करावी किंवा वजनासाठी साधा काटा वापरावा. २०२१ पासून काही मनगटी घड्याळांतही शरीररचना मोजण्याची सुविधा आली आहे. ती या व्यक्तींनी वापरू नये.

चाचणीपूर्वी विचारायचे प्रश्न

आरोग्य शिबिरात किंवा व्यायामशाळेत ही चाचणी घेणाऱ्याने प्रत्येकाला आधी तीन गोष्टी विचारणे अपेक्षित आहे: शरीरात विद्युत उपकरण बसवले आहे काय, गर्भावस्था आहे किंवा तशी शक्यता आहे काय, आणि पायांवर, चेहऱ्यावर वा पोटात सूज आहे काय. पहिल्या दोन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर चाचणी होऊ नये. तिसऱ्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर असेल, तर केवळ वजनाची नोंद घ्यावी आणि व्यक्तीला वैद्यकीय तपासणीचा सल्ला द्यावा. डायलिसिसवर असलेल्या तसेच लघवीद्वारे पाणी काढून टाकणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांनी हे स्वतःहून सांगावे, कारण बाहेरून सूज दिसत नसतानाही त्यांच्या शरीरातील पाणी दिवसागणिक बदलत असते.

हातात आलेला आकडा पारखण्याची एक सोपी कसोटी आहे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन चाचण्यांत चरबी किंवा स्नायू एक किलोहून अधिक बदललेले दिसले, तर तो बदल जवळजवळ निश्चितपणे पाण्याचा असतो. हृदयविकाराच्या रुग्णाचे वजनच दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले असेल, तर ते चरबीचे लक्षण न मानता त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. डॉक्टरांनी सांगितलेली औषधे, पाण्याची मर्यादा किंवा आहार यांत केवळ या यंत्राच्या कागदावरून कोणताही बदल करू नये.